गणेशोत्सव 2025 : दुरुस्त जमाखर्च आणि दुरुस्तीच्या नोंदी

सर्व सभासदांस,

14 सप्टेंबरला नोटीस बोर्डावर लावलेल्या उत्सव समितीच्या जमाखर्चात बेरजेची चूक होती. त्यावर खजिनदार म्हणून माझी सही आहे, म्हणून चुकीची जबाबदारीही माझीच. चूक कशी सापडली, कुठे वेळ गेला आणि आकडे कसे बदलले, हे तारीखवार खाली लिहिले आहे. दुसऱ्या एखाद्या सोसायटीच्या खजिनदारावर अशीच वेळ आली तर त्यालाही याचा उपयोग व्हावा.

13 सप्टेंबर, शनिवार (मूळ चुकीचा दिवस)

विसर्जन 6 तारखेला झाले होते. आठवडाभरात सगळी बिले हातात आली आणि या रात्री हिशेब बंद करायला बसलो. पेटीतली रोख मोजली तेव्हा 1,987 रुपये निघाले. बँकेत 5,334 होते, म्हणजे प्रत्यक्ष शिल्लक 7,321. संगणकावरचा हिशेब मात्र 7,617 दाखवत होता. फरक 296 रुपयांचा.

अशा वेळी दोन युक्त्या सगळेच करून पाहतात. फरकाला 9 ने निःशेष भाग गेला तर एखाद्या आकड्यातले शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले असावेत. आणि फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर खर्चाची रक्कम जमेत किंवा जमेची खर्चात गेली असावी. 296 ला 9 ने भाग जात नाही. निम्मे म्हणजे 148, आणि नेमके 148 रुपयांचे झेरॉक्सचे बिल फाइलमध्ये होते! त्या एका बिलामागे तासभर गेला. ते खर्चातच होते, बरोबर जागी होते.

त्यानंतर जे केले ते करायला नको होते. रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लावायची होती. 296 रुपये ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकले. व्हाउचर नव्हते. हिशेब जुळला, खाली सह्या झाल्या.

15 सप्टेंबर, सोमवार

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी जिन्यात थांबवून विचारले, “भाऊ, सर्वांत कमी वर्गणी पंधराशे एक आहे ना? मग सेहेचाळीस पावत्यांचे सहासष्ट हजार कसे?”

त्यांनी एवढेच केले होते : 46 गुणिले 1,501. उत्तर 69,046. सहा घरांनी 2,101 दिले आहेत, म्हणजे खरा आकडा याहून जास्तच हवा. नोटिशीत वर्गणी 66,642 छापली होती. कमीत कमी जेवढी जमायलाच हवी, त्याहूनही ती कमी होती. हा ताळा नोटीस लावण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात झाला असता.

रात्री वर्गणीची शीट उघडली. प्रत्येक पावतीला एक ओळ, 101 ते 148 अशा 48 ओळी, त्यातल्या 117 आणि 133 या रद्द पावत्यांच्या रकमेचे रकाने रिकामे. छापील यादी डोळ्यांनी दोनदा वाचली. सगळ्या रकमा दिसत होत्या, एकही गाळलेली नव्हती. मग यादीच्या बाहेरच्या रिकाम्या रकान्यांत ही तीन सूत्रे लिहिली :

```
=SUM(D5:D52)
=COUNT(D5:D52)
=COUNTA(D5:D52)
```

`COUNTA` काहीही लिहिलेले रकाने मोजते, ते आले 46. `COUNT` फक्त अंक मोजते, ते आले 42. म्हणजे चार रकाने असे होते की ते माणसाला अंक दिसतात, संगणकाला शब्द वाटतात.

ते शोधायला वेळ लागला नाही. अंक रकान्यात उजवीकडे चिकटतात, शब्द डावीकडे. पावती क्रमांक 127 ते 130 या चार ओळी डावीकडे चिकटलेल्या होत्या आणि त्यांत लिहिले होते `1501/-`. एका संध्याकाळी दुसऱ्या कार्यकर्त्याने मोबाइलवरून नोंद केली होती आणि पावतीवर लिहितो तसेच रकमेपुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढली होती. त्याची चूक म्हणता येणार नाही. शीटमध्ये तसे लिहू नये हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. `SUM` अशा रकान्याला चुकीची खूण दाखवत नाही, गुपचूप सोडून देते. तेच रकाने अधिक चिन्हाने एकेक जोडले असते तर `#VALUE!` असे आले असते आणि चूक त्याच दिवशी कळली असती.

चार गुणिले 1,501, म्हणजे 6,004. खरी वर्गणी 72,646.

दुरुस्ती करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवली. मग शोधा-आणि-बदला वापरून `/-` काढून टाकले. `COUNT` 46 झाले.

16 सप्टेंबर, मंगळवार

वर्गणी दुरुस्त झाली आणि तोपर्यंत जुळलेला हिशेब मोडला. आता कागदावरची शिल्लक 13,325 आणि हातात 7,321. बरोबर 6,004 रुपये कमी.

हे लपवण्यात अर्थ नव्हता. कोणीही हा कागद पाहिला असता तर एकच निष्कर्ष काढला असता : चार घरांनी रोख पैसे दिले आणि ते पेटीत आले नाहीत. अध्यक्ष आणि सचिवांना त्याच संध्याकाळी सांगितले. चारही घरांना जाऊन भेटलो, त्यांच्याकडच्या मूळ पावत्या पाहिल्या. चारही पावत्या 24 ऑगस्टच्या, चारही रोख, रक्कम स्थळप्रतीशी जुळणारी.

समितीतल्या एकाने सुचवले की 6,004 रुपये आपण पाच-सहा जणांनी वाटून भरू आणि विषय संपवू. नाही म्हणालो. पैसे भरले असते तर शिल्लक जुळली असती, पण चूक हिशेबात तशीच राहिली असती. 296 रुपयांच्या वेळी आपण तेच केले होते.

17 सप्टेंबर, बुधवार

शीट पूर्ण बाजूला ठेवली. पावतीपुस्तक, व्हाउचरची फाइल आणि पासबुक एवढ्यावरूनच फक्त रोखीचा हिशेब कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिला. उत्सवाची रोख बँकेत भरलेली नाही आणि बँकेतून रोख काढलेली नाही, त्यामुळे रोख आणि बँक सरळ वेगळे करता आले. जिथे मध्ये रोख भरली-काढली जाते तिथे त्या नोंदी दोन्ही बाजूंना लिहाव्या लागतील.

रोख जमा अशी : गेल्या वर्षीची शिल्लक 1,240, पंधरा घरांची रोख वर्गणी 22,515, दोन रोख देणग्या 2,202 आणि दानपेटी 4,380. एकूण 30,337.

रोख खर्च असा : चितार ओळीतून आणलेली मूर्ती 9,500, दहा दिवसांचे हार-फुले आणि पूजा साहित्य 7,865, कॉटन मार्केटची भाजी 2,040, ढोल-ताशा 6,000, विसर्जनाची गाडी 1,800 आणि किरकोळ 1,145. एकूण 28,350. प्रत्येकाचे बिल किंवा सही केलेले व्हाउचर आहे.

30,337 मधून 28,350 गेले की 1,987 उरतात. पेटीत 1,987 होते. एका रुपयाचाही फरक नाही.

आता त्या चार घरांच्या वर्गणीचा प्रश्न यातूनच सुटतो. समजा ते 6,004 रुपये पेटीत आलेच नाहीत. मग रोख जमा 24,333 राहते आणि खर्च मात्र 28,350 झालेला आहे. पेटीत नसलेले 4,017 रुपये कोणी खर्च करू शकत नाही. म्हणजे पैसे आले होते, आणि बिलांप्रमाणे खर्च झाले होते. ज्याच्यावर रोख सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने हा कागद आधी करावा, बाकी शोध नंतर; सभासदांच्या मनात जी शंका येते तिचे उत्तर याच कागदात आहे.

रात्री बँकेची बाजूही तशीच लिहिली. सुरुवातीचे 5,000, यूपीआयने आलेली 31 घरांची वर्गणी आणि तीन देणग्या मिळून 60,134, गेलेले 59,800, उरलेले 5,334. पासबुकाशी जुळले.

18 सप्टेंबर, गुरुवार

पैसे पूर्ण आहेत, तरी हिशेबात शिल्लक जास्त दिसते, याचा अर्थ खर्च कुठेतरी कमी लिहिला गेला आहे. व्हाउचरप्रमाणे एकूण खर्च 88,150. शीटमध्ये 82,146. फरक पुन्हा 6,004.

दोन्ही बाजूंना तोच आकडा दिसल्यावर पाऊण तास भलतीकडे गेला. खर्चातही कुठेतरी `/-` असेल म्हणून `COUNT` आणि `COUNTA` सगळ्या पानांवर चालवून पाहिले. काही निघाले नाही. मग लक्षात आले की दोन्हीकडे 6,004 येणारच होते, कारण 13 तारखेला 296 टाकून आपणच हिशेब ओढूनताणून जुळवला होता.

296 ची नोंद काढली. खर्चातला फरक 6,300 झाला. आणि 6,300 ला 9 ने भाग जातो : 700.

इथे जुनी युक्ती पुढेही नेता येते. 6,300 म्हणजे 900 गुणिले 7. शेजारचे एकक-दशक उलटले तर फरक 9 च्या पटीत येतो, दशक-शतक उलटले तर 90 च्या, शतक-हजार उलटले तर 900 च्या पटीत. पुढचा 7 हा त्या दोन अंकांमधला फरक. म्हणून असा आकडा शोधायचा ज्यात हजाराच्या आणि शतकाच्या जागी 8 आणि 1, किंवा 9 आणि 2, किंवा 7 आणि 0 आहेत.

महाप्रसादाचा खर्च शीटमध्ये एकाच ओळीत होता, तपशील हाताने लिहिलेल्या वहीत. पहिल्या पानावर किराणा 12,460, तूप-दूध 3,620, भाजी 2,040. खाली निळ्या शाईत बेरीज 18,120, बरोबर. पान उलटले. वरच्या ओळीत ‘मागील पानावरून’ आणि पुढे 11,820.

8 आणि 1 उलटे पडले होते. त्या पानावर आचाऱ्याचे 8,000, पत्रावळी-द्रोण-ग्लास 1,360 आणि गॅस 1,950 मिळून 11,310 आहेत. म्हणून महाप्रसादाची बेरीज 29,430 ऐवजी 23,130 झाली आणि तीच शीटमध्ये गेली.

13 तारखेला ही युक्ती का चालली नाही, तेही इथे उलगडते. त्या दिवशीचा फरक एका चुकीचा नव्हता. जमा 6,004 ने कमी होती, खर्च 6,300 ने कमी होता, आणि आपल्याला दिसत होती फक्त त्यांची वजाबाकी, 296. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन छोट्या झाल्या होत्या. 9 ची युक्ती एकटी चूक असेल तेव्हाच चालते. म्हणून फरक लहान आहे एवढ्यावरून तो सोडून देऊ नये, आणि तो लपवणारी नोंद तर मुळीच करू नये. फरक सापडत नसेल आणि तारीख आलीच असेल, तर ‘फरक, तपास सुरू’ अशी वेगळी ओळ लिहून नोटीस लावावी.

20 सप्टेंबर, शनिवार

वहीत दुरुस्ती केली. 11,820 वर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर 18,120, बाजूला तारीख आणि दोन सह्या. व्हाइटनर लावले नाही, पान फाडले नाही. शीटमध्येही जुना आकडा पुसण्याऐवजी शेजारी ‘दुरुस्त’ असा नवा रकाना केला.

समितीबाहेरच्या दोन सभासदांना तपासायला बसवले. एकाने पावत्या मोठ्याने वाचल्या, दुसऱ्याने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. मग अदलाबदल करून खालून वर पुन्हा केली. दोन तास दहा मिनिटे लागली. रद्द पावती 117 ची मूळ प्रत स्थळप्रतीला जोडलेली होती, 133 ची नव्हती. त्या घराला 134 क्रमांकाची नवी पावती दिली होती. त्यांच्याकडून तसे लिहून घेऊन फाइलला लावले.

21 सप्टेंबर, रविवार : दुरुस्त जमाखर्च

| बाब | 14 सप्टेंबरची नोटीस | दुरुस्त |
|---|---:|---:|
| मागील शिल्लक | 6,240 | 6,240 |
| वर्गणी (46 घरे) | 66,642 | 72,646 |
| देणग्या | 12,205 | 12,205 |
| दानपेटी | 4,380 | 4,380 |
| एकूण जमा | 89,467 | 95,471 |
| मूर्ती | 9,500 | 9,500 |
| मंडप व लाइटिंग | 24,000 | 24,000 |
| हार-फुले, पूजा साहित्य | 7,865 | 7,865 |
| महाप्रसाद | 23,130 | 29,430 |
| साउंड | 4,500 | 4,500 |
| ढोल-ताशा | 6,000 | 6,000 |
| मुलांच्या स्पर्धा, बक्षिसे | 3,910 | 3,910 |
| विसर्जनाची गाडी | 1,800 | 1,800 |
| किरकोळ | 1,441 | 1,145 |
| एकूण खर्च | 82,146 | 88,150 |
| शिल्लक | 7,321 | 7,321 |

शेवटची ओळ दोन्हीकडे सारखी आहे. काही सभासदांनी विचारले की मग एवढा खटाटोप कशाला. कारण असे की त्या ओळीवरून पुढच्या वर्षीचे काहीच ठरत नाही; ते वरच्या ओळींवरून ठरते. महाप्रसादाला सुमारे 190 पाने उठली. जुन्या आकड्याने ताटामागे 122 रुपये पडतात, खऱ्या आकड्याने 155. 122 धरून पुढच्या वर्षी आचाऱ्याशी बोलणी आणि इतवारीतल्या किराण्याची यादी केली असती तर तेवढ्याच पानांना सहा हजारांवर रक्कम कमी पडली असती, तीही ऐन महाप्रसादाच्या दिवशी. शिवाय ज्या चार घरांनी वर्गणी दिली त्यांची रक्कम जमेत दिसलीच पाहिजे, हा त्यांचा हक्क आहे.

जुनी नोटीस काढलेली नाही. नवी तिच्या शेजारी लावली आहे, वर ‘दुरुस्त, 21 सप्टेंबर’ असे लिहून. प्रत्येक घरी एक प्रत दिली. 48 प्रतींचे 96 रुपये झाले. हा खर्च हिशेब बंद झाल्यानंतरचा असल्याने वरच्या तक्त्यात धरलेला नाही, तो मी स्वतः केला आहे.

28 सप्टेंबर, रविवार

सभासदांच्या बैठकीत दुरुस्त हिशेब मंजूर झाला. कोजागिरीची वर्गणी गोळा करणे या बैठकीपर्यंत थांबवले होते, ते उद्यापासून सुरू होईल.

कोजागिरीच्या शीटमध्ये तीन बदल केले आहेत. रकमेच्या रकान्यात अंकांशिवाय काही लिहिलेच जाणार नाही अशी अट घातली आहे. बेरजेच्या खाली `COUNT` चा आकडा कायम दिसतो आणि त्याच्या शेजारी पावतीपुस्तकावरून हाताने मोजलेली पावत्यांची संख्या लिहायची आहे. दोन्ही सारखे नसतील तर बेरीज छापायची नाही. खर्चाच्या वहीत पान बदलताना ‘मागील पानावरून’चा आकडा दुसऱ्या माणसाने वाचून टिकमार्क करायचा आहे.

पावतीपुस्तक, व्हाउचरची फाइल, महाप्रसादाची वही आणि 17 तारखेचा रोखीचा कागद सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात आहेत. किल्ली सचिवांकडे. रोज संध्याकाळी 7 ते 8 कोणालाही पाहता येतील.

खजिनदार